लोडर जोडताय? आधी ट्रॅक्टरचा पंप आणि रिमोट व्हॉल्व्ह ओळखा

लोडर विकणारा बकेट किती किलो उचलते ते सांगतो. पण ती किती सेकंदांत उचलते, त्यासाठी ट्रॅक्टरमधून तेल कुठून निघतं आणि परत कुठे जातं, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. लोडरच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. हा लेख ४० ते ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि पुढे बसवलेला साधा लोडर एवढाच धरून लिहिला आहे. मोठ्या यंत्रांवरच्या इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हचा विषय इथे नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो समोरच्या ओझ्यामुळे. म्हणून लोडर हळू चालत असेल तर तेल कमी पोचतंय आणि अशक्त असेल तर दाब चढत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चांगला पंप बदलून हजारो रुपये वाया जातात.

## १. हाताशी काय हवं

ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतली तीन माहिती एका कागदावर उतरवून घ्या: पंपाचा प्रवाह मिनिटाला किती लिटर, दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह किती बारला उघडतो, आणि तेलाची टाकी किती लिटरची व त्यात कोणतं तेल. या गटातल्या ट्रॅक्टरांचा प्रवाह साधारण ३० ते ४० लिटर आणि रिलीफ १५० ते १९० बारच्या आसपास असतो, पण अंदाजावर जाऊ नका, तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा घ्या. लोडरच्या कागदावरून सिलिंडरचा आतला व्यास, दांड्याचा व्यास आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा किती सरकतो, ते घ्या. गॅरेजात सिलिंडरला जॅक म्हणतात, गोंधळू नका.

सामानात ४०० बारपर्यंतचा प्रेशर गेज आणि तो कपलरवर, म्हणजे पाइप जोडायच्या झटपट जोडावर, बसवायचं फिटिंग, कपलरच्या टोप्या, स्वच्छ फडका, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, आणि पुस्तिकेत लिहिलेलं तेल किमान सहा लिटर. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर लोडरसाठी टॅपिंग घेतल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो, ते डीलरकडून लेखी घ्या.

तेलाबाबत इथेच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि ऑइल ब्रेक यांचं तेल एकच असतं. स्वस्त मिळालं म्हणून त्यात साधं ६८ नंबरचं हायड्रोलिक तेल ओतलं तर लोडर चालेल, पण ब्रेक किंचाळायला लागतील आणि गिअरना हवं ते संरक्षण मिळणार नाही.

## २. घड्याळ लावून पंप मोजा

हिशोब सोपा आहे. धरा, लोडरचे दोन उचलणारे सिलिंडर आहेत, आतला व्यास ६० मिलिमीटर, स्ट्रोक ५० सेंटिमीटर. एका पिस्टनचं क्षेत्रफळ २८.३ चौरस सेंटिमीटर. दोन्ही सिलिंडर पूर्ण भरायला २८.३ × ५० × २, म्हणजे २.८ लिटर तेल लागतं.

पंप २००० आरपीएमला मिनिटाला ३० लिटर देत असेल तर ते झालं सेकंदाला अर्धा लिटर. म्हणजे बकेट जमिनीपासून वरपर्यंत जायला साडेपाच-सहा सेकंद. गिअर पंपाचा प्रवाह इंजिनच्या फेऱ्यांबरोबर कमी-जास्त होतो, त्यामुळे ८०० आरपीएमला त्याच कामाला चौदा सेकंद लागतील. नवा लोडर घेऊन आलेला माणूस इंजिन मंद ठेवून बकेट उचलतो आणि पंप गेला म्हणतो, ते यामुळे.

आता उलट करा. हँड थ्रॉटलने आरपीएम पक्का ठेवा, रिकामी बकेट खालून वर न्या आणि सेकंद मोजा. लागणाऱ्या लिटरना सेकंदांनी भागा, ६० ने गुणा. तेल खरोखर किती येतंय ते कळलं. लोडर नवा असतानाच हा आकडा डब्यात, दारावर, कुठेही लिहून ठेवा. तीन वर्षांनी त्याचा सोन्यासारखा उपयोग होतो.

अजून एक तपासणी याच वेळी करा: बकेट वर जाताना क्लच पूर्ण दाबा. बकेट थांबली तर तुमच्या ट्रॅक्टरचा पंप क्लचच्या मागून फिरतो. असा ट्रॅक्टर नांगरणीला चालतो, पण लोडरच्या कामात गिअर बदलताना बकेट दर वेळी हवेत थबकते. जुना ट्रॅक्टर लोडरसाठी विकत घेत असाल तर आधी हे पाहा.

## ३. ताकद किती, आणि ती कुठे संपते

वरच्याच दोन सिलिंडरांना १५० बार दाब मिळाला तर ते मिळून साधारण ८,६०० किलोचा जोर लावतात. बकेटला तेवढा मिळत नाही, कारण सिलिंडर अर्धा मीटर सरकतो तेव्हा बकेट अडीच मीटर वर जाते. पाचपट उंची म्हणजे जोर पाचवा हिस्सा, सुमारे १,७०० किलो. त्यातून हात आणि बकेटचं स्वतःचं वजन वजा करा.

ओल्या तांबड्या मातीने भरलेली ०.३ घनमीटरची बकेट पाचशे किलोच्या आसपास जाते. म्हणजे हायड्रोलिककडे ताकद शिल्लक असते, पण पुढचा ॲक्सल आणि मागच्या चाकांची पकड आधी संपते. बकेट भरलेली असताना मागची चाकं हलकी वाटली तर रिलीफचा दाब वाढवून काही मिळत नाही. मागे वजन बांधा. रिलीफचा स्क्रू आवळणं हा कोकणातल्या चढउतारावर ट्रॅक्टर पालथा घालायचा सोपा मार्ग आहे, आणि पाइप फुटतो तो वेगळाच.

सिलिंडर टोकाला गेल्यावरही लिव्हर धरून ठेवायची सवय लावू नका. रिलीफमधून ३० लिटर तेल १५० बारला पळत असेल तर साडेसात किलोवॅट उष्णता तेलात जाते, म्हणजे एक किलोवॅटचे साडेसात हीटर टाकीत सोडल्यासारखं. किंचाळल्यासारखा आवाज आला की लिव्हर सोडा.

## ४. तुमच्याकडे कोणता रिमोट आहे

रिमोट व्हॉल्व्ह म्हणजे तेलाची वाट बदलणारा सांधा. आत स्पूल नावाचा दांडा सरकतो. लिव्हर मध्ये असताना तेल कमी दाबाने सरळ टाकीत परततं. आपल्याकडचे साधे ट्रॅक्टर असेच, ओपन सेंटर असतात. मेकॅनिक याला डीसी व्हॉल्व्ह म्हणतात.

ट्रॉली टिपिंगसाठी दिलेला एकच पॉइंट असेल तर तो सिंगल ॲक्टिंग: तेल वर नेतो, खाली ट्रॉली स्वतःच्या वजनाने येते. लोडरला हा अपुरा पडतो, कारण बकेट उलटवायला आणि परत मिटायला दोन्हीकडून तेल लागतं. लोडरला उचलणे आणि उलटवणे अशी दोन कामं, म्हणजे दोन डबल ॲक्टिंग स्पूल आणि चार पाइप हवेत.

उचलायच्या स्पूलला फ्लोट हवाच. फ्लोटमध्ये सिलिंडरची दोन्ही तोंडं टाकीला जोडली जातात आणि बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे स्वतः वरखाली होते. खळं सारवण्याआधी माती सपाट करताना किंवा अंगणातला गाळ ओढताना याशिवाय बकेट एकतर खोल जाते नाहीतर अधांतरी राहते. मात्र भरलेली बकेट वर असताना लिव्हर फ्लोटला गेली तर ती धाडकन खाली येते.

## ५. जोडणी, आणि रिटर्नचा सापळा

बहुतेक लोडरांबरोबर स्वतःचा दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह येतो आणि ट्रॅक्टरकडून त्याला फक्त तेल द्यायचं असतं. या व्हॉल्व्हला तीन तोंडं महत्त्वाची:

प्रेशर: पंपाकडून तेल येतं.
रिटर्न: वापरलेलं तेल टाकीत जातं.
पॉवर बियाँड: लोडर मोकळा असताना तेल पुढे, म्हणजे मागच्या लिफ्टकडे जातं. यासाठी व्हॉल्व्हमध्ये वेगळी बाही बसवावी लागते. मागताना ती आहे का ते विचारून घ्या.

बाही नसेल आणि सगळं तेल रिटर्नमधून टाकीत गेलं तर लोडर छान चालेल पण मागची लिफ्ट उठणार नाही. मग कोणीतरी हुशारी करून रिटर्नचाच पाइप लिफ्टच्या वाटेला जोडतो. लिफ्टवर ओझं आलं की तो सगळा दाब लोडर व्हॉल्व्हच्या रिटर्नच्या कप्प्यात उलटा येतो. हा कप्पा पूर्ण दाबासाठी बनवलेलाच नसतो. सील जातं, कधी व्हॉल्व्हचा ओतीव सांगाडा तडकतो.

दुसरा प्रकार जास्त दिसतो. लोडरचा व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटला दोन्ही बाजूंनी जोडायचा आणि रिमोटची लिव्हर ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवायची. बरोबर बाजूला बांधली तर काम होतं. पण पट्टी निसटली आणि कोणाचा पाय लागून लिव्हर उलटी गेली की प्रेशर रिटर्नमध्ये घुसतं, परिणाम वरचाच. रिमोटवरूनच तेल घ्यायचं असेल तर रिटर्न थेट टाकीला न्या आणि रिमोटचं उरलेलं तोंड प्लगने बंद करा.

पाइप अर्धा इंची, दोन तारी विणीचे घ्या. हात पूर्ण वर आणि बकेट पूर्ण उलटी, अशा दोन्ही टोकांना नेऊन पाइप कुठे ताणतो, कुठे घासतो ते पाहा आणि मगच क्लिप आवळा.

## ६. कपलर बसत नसेल तर

आदल्या दिवशी सहज बसलेला कपलर दुपारी बसत नाही, हातोडी घ्यावीशी वाटते. कारण उन्हात तापलेल्या बंद पाइपातलं तेल फुगतं आणि आतून दाब देतं. उपाय काढण्याच्या वेळीच करायचा: बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सगळ्या लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे हलवा, मग कपलर काढा आणि लोडर सावलीत ठेवा.

चारही पाइपांना रंगीत पट्टी लावा. उलटे जोडले तर काही मोडत नाही, पण लिव्हर ओढल्यावर बकेट खाली येईल असं वाटताना वर जाते, आणि बाजूला माणूस उभा असेल तर तेवढंही पुरे.

## ७. पहिल्यांदा तेल भरणं

नव्या लोडरचे सिलिंडर आणि पाइप रिकामे असतात. वरच्या उदाहरणात उचलायला २.८ लिटर, उलटवायच्या दोन सिलिंडरांना दीडएक लिटर, आणि बारा मीटर अर्ध्या इंची पाइपात आणखी दीड. एकूण सहा लिटरच्या आसपास. एवढं तेल ट्रॅक्टरच्या टाकीतून एकदम गेलं तर पंप हवा ओढतो.

म्हणून इंजिन मंद ठेवा, एका वेळी एकच काम, सावकाश टोकापर्यंत आणि परत. दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबून तेल घाला. आठ-दहा फेऱ्यांत हवा निघते आणि धक्के थांबतात.

तेलाची पातळी नेहमी बकेट जमिनीवर, सिलिंडर मिटलेले असतानाच बघा. हात वर असताना सिलिंडरमधून बाहेर आलेल्या दांड्यांची जागा तेल भरून काढतं, त्यामुळे आपल्या उदाहरणात टाकीत साधारण एक लिटर कमी दिसतं. तेव्हा भरलंत तर बकेट खाली आल्यावर टाकीच्या हवेच्या तोंडातून, म्हणजे ब्रीदरमधून, उतू जाईल. उतारावर काम करायचं असेल तर पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा, नाहीतर चढणीवर तेल मागे सरतं आणि पंपाची शोषणीची बाजू उघडी पडते.

गळती शोधताना पाइपावर हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडी फोडून आत जातं, जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि काही तासांत बोट जाण्याची वेळ येते. पुठ्ठा फिरवा. तेल टोचलंच तर दुखत नसलं तरी तडक इस्पितळात जा आणि हायड्रोलिक तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

## ८. हळू झालाय: एक उदाहरण सोडवू

लांज्याकडच्या कातळावर कलमांच्या खड्ड्यांत माती भरणारा ट्रॅक्टर धरा. लोडर वरच्याच मापाचा, सगळं २००० आरपीएमला मोजलेलं. सकाळी थंड तेलावर रिकामी बकेट ६ सेकंद, भरलेली साडेसहा. दोन तास काम झाल्यावर रिकामी ७, भरलेली ११.

अकरा सेकंदांत २.८ लिटर म्हणजे मिनिटाला १५ लिटर. निम्मं तेल वाटेत कुठेतरी परत फिरतंय. गाळणी चोंदली असती तर उलटं दिसलं असतं: सकाळी जाड तेलावर पंप रडला असता आणि तापल्यावर सुधारला असता. इथे तापून तेल पातळ झाल्यावर आणि ओझं आल्यावर बिघडतंय, म्हणजे आतली गळती.

ती कुठे, हे गेज सांगतो. इंजिन बंद करून लोडर काढा, गेज ट्रॅक्टरच्याच तोंडावर लावा, तेल गरम असतानाच इंजिन चालू करून लिव्हर दोन-तीन सेकंद धरा. समजा २००० ला १७० बार आले आणि १००० ला फक्त ९०. रिलीफचा स्प्रिंग दमला असता तर दोन्ही फेऱ्यांना सारखाच कमी दाब दिसला असता. इथे फेऱ्या वाढवल्या की दाब चढतो, कारण पंप जास्त तेल ओतून गळतीवर मात करतो. संशय पंपावर. पंप उघडण्याआधी तिथून रिमोटपर्यंतच्या जोडांचे ओ रिंग पाहून घ्या, कधीकधी शंभर रुपयांची रिंग निघते.

आणि दोन्ही फेऱ्यांना पुस्तिकेतला दाब आला असता तर ट्रॅक्टर निर्दोष. मग दोष लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरमध्ये.

## ९. बकेट आपोआप खाली येते: सील गेलं?

लिव्हर मध्ये, इंजिन बंद, तरी हात हळूहळू खाली येतात. दहापैकी नऊ जण सांगतील सिलिंडरचं सील बदला. थोडा विचार करा. हात खाली येताना पिस्टनखालचं तेल सील ओलांडून दांड्याच्या बाजूला गेलं, तरी तिथे दांड्यानेच जागा अडवलेली आहे. सगळं तेल मावत नाही. दोन्ही पाइप व्हॉल्व्हमध्ये घट्ट बंद असतील तर सील फाटूनही हात जवळपास जागेवर राहतो. खाली येतोय म्हणजे तेल सिलिंडरबाहेर जातंय, म्हणजे झिजलेला स्पूल किंवा बाहेरची गळती. फाटलेलं सील हे वाढवतं नक्की, कारण मग ओझं फक्त दांड्याच्या क्षेत्रफळावर येतं आणि आपल्या सिलिंडरात (दांडा ३५ मिलिमीटर) आतला दाब जवळजवळ तिप्पट होतो.

बकेट उलटवायच्या सिलिंडरचं मात्र तसं नाही. तिथे ओझं दांडा बाहेर ओढतं. दांड्याच्या बाजूचं तेल सील ओलांडून पलीकडे सहज मावतं. म्हणून हात स्थिर पण बकेट पुढे झुकत असेल तर सीलवरचा संशय रास्त.

सील तपासायचं तर बकेट जमिनीवर टेकवून दांड्याकडची पिन काढा, सिलिंडर मोकळा पूर्ण बाहेर येऊ द्या. इंजिन बंद करून दाब सोडा, दांड्याकडचा पाइप काढून त्या पाइपाचं तोंड प्लग करा आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. मग पुन्हा बाहेरच्याच दिशेने दाब द्या. सुरुवातीचे थेंब सोडून धार चालूच राहिली तर सील गेलं. उचललेल्या हातांखाली वाकून यातलं काहीही करू नका.

## १०. चिखलणी, खारा वारा आणि जून ते सप्टेंबर

चिखलणीत ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत पाण्यात असतो. त्यानंतर पहिल्याच दिवशी तेल बघा. दुधाळ दिसलं तर बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी निवळलं तर हवा होती, शोषणीच्या बाजूचा जोड आणि पातळी पाहा. दुधाळच राहिलं तर पाणी. खात्रीसाठी एक थेंब गरम तव्यावर टाका, चेहरा लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे. नुसतं वरून नवं तेल ओतून भागत नाही, सगळं काढा, गाळणी बदला आणि ब्रीदर व लिव्हरच्या रबरी टोप्या तपासा.

समुद्राकडच्या गावांत क्रोमच्या दांड्यावर खाऱ्या हवेने बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक फेरीला तो खड्डा सील खरवडतो. लोडर उभा करताना हात खाली, बकेट पूर्ण मागे मिटलेली ठेवा, म्हणजे दांडे आत राहतात. जो भाग बाहेर उरतो त्याला पावसाळ्याआधी ग्रीस फासा आणि ऑक्टोबरात चालू करण्याआधी ते पुसून काढा, नाहीतर ग्रीसला चिकटलेली वाळू सीलखाली जाते. कपलरवर टोपी नसेल तर प्लास्टिकची पिशवी दुहेरी करून रबराने बांधा. दिसायला गावठी, पण गंजलेला कपलर कापून काढण्यापेक्षा बरी.